ड्राफ्टची मागची बाजू

आमच्या घरात दोन पुरुष. दोघांनाही अक्कल आहे, फक्त ती वेळेवर हाताशी सापडत नाही. एक माझे नवरोबा, छापखान्याचे मालक. दुसरे माझे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी. ते एका कंपनीत खरेदी खात्यात आहेत, म्हणून जगातल्या कुठल्याही व्यवहारावर बोलायचा हक्क आपल्याला जन्मतःच मिळालाय असं त्यांना वाटतं. बोलू देत बापडे. पण त्या शुक्रवारी या दोघांनी मिळून छापखाना बुडवायलाच घेतला होता, तेव्हा मी गप्प बसायचं काय कारण?

गोष्ट आमच्या मोठ्या ऑफसेट मशीनची. अठरा वर्षं त्या मशीननं आम्हाला जेवू घातलं. पण आता मोठी कामं मोठ्या छापखान्यांकडे गेली, आमच्याकडे राहिली पत्रिका, बिलबुकं आणि औषधांच्या चिठ्ठ्या. एवढ्याशा कामासाठी एवढं धूड चालवणं परवडेना. मशीन विकायचं, त्या पैशात छोटं डिजिटल मशीन घ्यायचं आणि छापखाना चालू ठेवायचा, असं ठरलं. दुसरा पैसा कुठेच नव्हता. मशीनचे पैसे आले तर छापखाना राहणार, नाहीतर दाराला कुलूप, इतका सरळ हिशेब होता.

गिऱ्हाईक आलं ते असं, की आमचे हे पाघळलेच. पांढरे बूट, हातात चामड्याची बॅग आणि अत्तराचा एवढा भपकारा की शाईचा वास मागे सरला. मी मनातल्या मनात त्यांचं नाव 'अत्तरवाले' ठेवून टाकलं. त्यांनी मशीनभोवती एक फेरी मारली, कुठेही हात लावला नाही, काही चालवून बघितलं नाही, आणि आम्ही साडेअकरा लाख म्हटल्यावर म्हणाले, "चालेल."

चालेल! मी साधी वांगी घेताना दहा मिनिटं घासाघीस करते. हा बाबा साडेअकरा लाखांचं मशीन बूट मळू न देता घेतो. आमचे मशीनमन, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, ते कोपऱ्यात हात पुसत उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. अठरा वर्षं ते मशीन त्यांनीच चालवलं होतं. त्याची किंमत कोणी न करता न्यावं, याचं त्यांना वाईटच वाटलं असणार.

"पैसे सरळ खात्यात पाठवा," मी म्हटलं.

"ताई, आमच्या फर्मचा नियम आहे, पेमेंट डिमांड ड्राफ्टनंच," अत्तरवाले हसत म्हणाले. "तुम्हालाच सुरक्षित. ड्राफ्ट म्हणजे पैसे आधीच भरलेले."

"मग ड्राफ्ट खात्यात जमा होऊ दे, मग मशीन न्या."

यावर अत्तरवाले, हे आणि व्यवहार बघायला म्हणून आलेले भाऊजी, तिघंही हसले. अत्तरवाले हसले ते ठीक, त्यांचं कामच होतं. पण भाऊजीही हसले. "वहिनी, चेक परत येतो. ड्राफ्ट परत येत नाही. पैसे भरल्याशिवाय बँक तो काढतच नाही. रोकडच समजा."

"तरी बँकेकडून खात्री करून घेऊ की," हे म्हणाले. माझ्या समाधानासाठी, असा चेहरा करून.

"अवश्य घ्या," अत्तरवाले म्हणाले. "शुक्रवारी सकाळी ड्राफ्टचा फोटो पाठवतो. दिवसभर चौकशी करा. संध्याकाळी ट्रक घेऊन येतो, कागद हातात देतो, मशीन उचलतो." इतका सरळ माणूस! आमच्या ह्यांनी त्यांना दोनदा चहा पाजला.

शुक्रवारी अकराला फोटो आला. मी पण बघितला, नाही म्हणत नाही. आमच्या छापखान्याचं नाव बरोबर, तारीख कालची, आकड्यात आणि अक्षरात रक्कम जुळलेली, वर दोन तिरप्या रेघा आणि खाली दोन साहेबांच्या सह्या. भाऊजींनी त्या दिवशी अर्धी रजा टाकली होती, वहिनीला दाखवून द्यायचंच म्हणून. फोटो घेऊन ते आमच्या बँकेत गेले. आणि खरं ते सांगते, काम त्यांनी चोख केलं. ड्राफ्टवर छापलेल्या नंबरावर फोन केला नाही, कारण खोट्या कागदावरचा नंबरही खोट्या माणसाचाच असतो. आमच्या बँकेतल्या अधिकारीबाईंनाच त्यांच्या यादीतून त्या शाखेचा नंबर काढायला लावला, आणि बाईंनी स्वतः विचारलं. अमुक नंबरचा ड्राफ्ट, अमुक तारखेचा, अमुक नावाचा, अमुक रकमेचा, तुम्ही काढलाय का? तिकडून उत्तर आलं, हो, आम्हीच काढलाय.

भाऊजी परत आले ते लढाई जिंकूनच. "झालं समाधान? नंबरसकट जुळला. आता तरी बोला काहीतरी चांगलं!"

मी म्हटलं, "चांगलं केलंत, भाऊजी." काय करणार, केलंच होतं.

मास्तरांनी सकाळपासून मशीनचे बोल्ट काढायला घेतले होते. साडेपाचला ट्रक आला, मागोमाग क्रेन. म्हणजे बँकेचं शटर खाली पडल्यावर आणि पुढे शनिवार-रविवार सुट्टी. तेव्हा ते कोणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. ट्रकबरोबर चार हमाल आणि एक आडव्या बांध्याचे गृहस्थ उतरले. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा त्यांचा कारखाना होता असं बोलण्यात आलं. अत्तरवाले घाईघाईनं म्हणाले, "हे आपलेच. मशीन यांच्याकडे ठेवायचंय." खोकेवाल्यांनी मात्र आल्याआल्या बाह्या सारल्या, मशीनखाली वाकून रोलरवर हात फिरवला, मास्तरांना चार प्रश्न विचारले. निदान एकाला तरी कळत होतं आपण काय नेतोय ते.

अत्तरवाल्यांनी बॅगेतून ड्राफ्ट काढून ह्यांच्या हातात दिला. आता नवरा काय करेल? रक्कम बघेल, नाव बघेल, सह्या बघेल. आमच्या ह्यांनी तो उजेडाकडे धरला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि म्हणाले काय, तर, "छपाई काय सुरेख आहे हो! रजिस्टर बघा, रंगावर रंग कसा बसलाय, केसभर हललेला नाही."

अहो, तुम्ही पैसे घेताय की नमुना बघताय? पण मी बोलले नाही. चारचौघांत नवऱ्याला बोलायचं नाही, ते नंतर घरी भरपूर बोलता येतं.

"पावती करून टाक," हे मला म्हणाले आणि पावतीपुस्तकातल्या कोऱ्या पानावर आधीच सही ठोकून मोकळे झाले. ही त्यांची जुनी खोड. आधी सही, मग मजकूर. तोवर क्रेनवाला पट्टे आवळायला लागला होता. मी टेबलाशी बसून पावती लिहिली. मशीन एक, किंमत साडेअकरा लाख, रक्कम डिमांड ड्राफ्टनं पूर्ण पोचली. मग ड्राफ्ट पुढ्यात ओढला, उलटा केला आणि त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं.

पाठ गुळगुळीत होती.

आता हे तुम्हाला कळायचं नाही, म्हणून सांगते. मी अठरा वर्षं बिलबुकं मोजतेय, नंबर घातलेली पानं लावतेय. पेनानं सही केलेल्या कागदाच्या पाठीला ती सही हाताला लागते. बारीक उठाव असतो. माझीच त्या क्षणी लिहिलेली पावती उलटून बघितली, तर ह्यांची सही मागून बोटाला लागत होती. ड्राफ्टवर दोन-दोन साहेबांनी सह्या केल्या होत्या, आणि पाठीला काही म्हणजे काही नाही. दोघं काय फुंकर मारून सह्या करतात?

बाहेर मशीनचा एक कोपरा जमिनीवरून वीतभर उचललेला होता.

"क्रेन थांबवा," मी ओरडले. "मास्तर, तुमचं भिंग आणा."

"आता काय काढलंस मध्येच?" हे वैतागले.

"वहिनी, बँकेनं सांगितलंय!" भाऊजी.

मास्तरांनी खिशातलं छोटं भिंग माझ्या हातात ठेवलं. छपाईतले ठिपके बघायला ते रोज वापरतात. मी आधी पावतीवर ठेवलं. ह्यांची सही, निळी, सलग, मधे कुठेही तुटलेली नाही. मग ड्राफ्टवरच्या पहिल्या साहेबाच्या सहीवर ठेवलं.

ठिपके. निळे, गुलाबी, पिवळे, काळे. सही कसली, ठिपक्यांची रांगोळी होती.

"या," मी ह्यांना म्हटलं. "तुम्हाला छपाई आवडली ना? अजून जवळून बघा. सही छापलेली आहे."

हे वाकले. एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं. मग भिंग मास्तरांपुढे सरकवलं. मास्तरांनी बघितलं आणि नुसते म्हणाले, "चार रंगांत काढलाय. पेनाची रेघ नाही एक पण."

"काय बोलताय तुम्ही!" अत्तरवाले चढ्या आवाजात म्हणाले. "तुमच्याच बँकेनं खात्री दिलीय. विचारा यांना!"

भाऊजी माझ्याकडे असे बघत होते की मीच काही चोरलंय. "वहिनी, त्या शाखेनं स्वतः सांगितलं, आम्हीच काढलाय म्हणून. खोटा असता तर हो कशाला म्हणाले असते?"

"त्यांनी हा कागद बघितला का?"

"फोनवर कागद कसा बघणार?"

"मग त्यांनी एवढंच सांगितलं की या नंबरचा एक ड्राफ्ट त्यांनी काढलाय. हाच तो, असं कोणी सांगितलं? तुम्ही नंबराची चौकशी केलीत, भाऊजी. कागद तर तेव्हा आपल्याकडे आलाच नव्हता."

भाऊजींनी मोबाइलमधला फोटो काढून बघितला, मग टेबलावरचा कागद. बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू? मशीनचा कोपरा अजून वरच होता, तरी बरं वाटलं.

आता सगळं दिसायला लागलं होतं. खरा ड्राफ्ट होता. शाखेनं तो खरोखरच काढला होता, फोटोही त्याचाच होता. आम्हाला दिली ती त्याची रंगीत नक्कल. मशीन आज गेलं असतं. सोमवारी सकाळी या महाराजांनी खरा कागद त्याच शाखेत नेऊन दिला असता, व्यवहार मोडला म्हणून सांगितलं असतं, आणि किरकोळ शुल्क कापून बँकेनं पैसे परत दिले असते. घेणाऱ्याकडे कागदच पोचला नाही म्हटल्यावर बँक तरी काय करणार? आम्ही आमची नक्कल भरून वाट बघत बसलो असतो. आणि ह्यांच्या सहीची पावती त्यांच्या खिशात, रक्कम पूर्ण पोचली म्हणून.

"म्हणजे खरा कुठेतरी आहे," मी अत्तरवाल्यांना म्हटलं. "काढा."

"हा माझा अपमान आहे. मला व्यवहारच करायचा नाही." त्यांनी बॅग काखेत मारली आणि दाराकडे वळले.

दारात खोकेवाले उभे होते. एवढा वेळ ते नुसते ऐकत होते. आता त्यांनी हात पुढे करून भिंग मागितलं, टेबलावर वाकून सावकाश बघितलं, आणि सरळ होत मला विचारलं, "वहिनी, तुम्ही यांना मशीन केवढ्याला दिलंत?"

"साडेअकरा लाखांना."

"मला यांनी नऊला दिलंय. नऊच्या नऊ लाख मी मंगळवारीच यांच्या खात्यावर भरलेत."

साडेअकराला घेऊन नऊला विकणारा व्यापारी मी पहिल्यांदाच बघत होते. फुकट मिळणार असेल तर माणूस पाचालाही विकेल, त्याला काय!

"माझेच नऊ लाख घालून ड्राफ्ट काढलास होय रे?" खोकेवाले अत्तरवाल्यांना म्हणाले. आवाज चढवला नाही. नुसते बाजूला सरले आणि चार हमाल आपोआप दारात आले. "मला मशीन पाहिजे. नाहीतर माझे पैसे, आत्ता. नाहीतर इथूनच आपण पोलीस चौकीत जाऊ, हा कागद घेऊन."

अत्तरवाल्यांच्या कपाळावर घाम आला. काय चेहरा झाला होता, वा! पैसे कुठून देणार? ते तर ड्राफ्टमध्ये अडकलेले. आणि ड्राफ्ट आमच्या नावाचा, वर दोन रेघा मारलेला. आमच्या खात्याशिवाय जगात कुठेही तो वटणार नाही, आणि मोडायचा तर सोमवारपर्यंत बँक उघडणार नाही. स्वतः विणलेल्या जाळ्यात स्वतःच पाय घालून बसले होते. त्यांनी चौघा हमालांकडे बघितलं, खोकेवाल्यांकडे बघितलं, मग बॅगेच्या आतल्या चेनच्या कप्प्यात हात घालून एक कागद काढला.

"अरेच्चा," ते म्हणाले. देवा शपथ, हेच म्हणाले. "फाइलसाठी कॉपी काढली होती, घाईत तीच दिली गेली वाटतं."

"होतं असं," मी म्हटलं. "घाईत माणूस सह्यासुद्धा चार रंगांत करतो."

कागद घेतला. पाठीवरून बोट फिरवलं, दोन्ही सह्या बोटाला लागल्या. भिंगाखाली धरला, शाईची सलग रेघ. नंबर, नाव, तारीख, रक्कम सगळं तेच. मास्तरांनी बघितला, खोकेवाल्यांनी बघितला. ह्यांनी मागितला, तर मी म्हटलं, "तुम्ही लांबूनच बघा."

"झालं ना?" अत्तरवाले म्हणाले. "आता उचला मशीन."

"सोमवारी बँकेत भरते. पैसे खात्यात पडले, की मशीन न्या."

"अहो, पण हा खरा आहे!"

"तासाभरापूर्वी तोही खराच होता."

ते भांडले असते, पण खोकेवाले मधे पडले. "वहिनींचं बरोबर आहे. मी सोमवारनंतर येतो. ट्रकचं आणि क्रेनचं भाडं हे देतील." आणि तिथेच उभं राहून त्यांनी अत्तरवाल्यांकडून लिहून घेतलं, की पैसे जमा झाले की मशीन खोकेवाल्यांना द्यावं, माझी हरकत नाही. ह्यांनी सही केलेली पावती मी फाडून टाकली. आमच्या ह्यांना म्हटलं, "यापुढे कोऱ्या कागदावर सही केलीत, तर तुमचा हात बांधून ठेवीन." त्यांनी मान हलवली.

सोमवारी दार उघडायच्या आत मी बँकेच्या पायरीवर होते. अधिकारीबाईंना दोन्ही कागद दिले. खरा त्यांनी जांभळ्या दिव्याखाली धरून मग भरून घेतला, खोटा ठेवून घेतला आणि माझ्याकडून तक्रारीचा अर्ज लिहून घेतला. बुधवारी साडेअकरा लाख खात्यात पडले. पासबुकात छापून घेतल्यावरच मी फोन केला. गुरुवारी मशीन गेलं. मास्तर ट्रकपर्यंत चालत गेले, परत येऊन झाडू मागितला आणि मोकळी जागा स्वतः झाडली. मला रडू आलं, ते मी शाईच्या वासावर ढकललं. अत्तरवाल्यांचा फोन तेव्हापासून बंद आहे. अडीच लाख आणि दोन भाडी घालून दुसऱ्याला मशीन घेऊन दिलं त्यांनी. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी पैसे देऊन घेतलं असेल.

त्या जागेवर आता डिजिटल मशीन आहे. छापखाना चालू आहे. भाऊजी हल्ली ही हकिगत ऑफिसात सांगतात, त्यात चौकशी त्यांनी केलेली असते आणि भिंगही त्यांनीच मागितलेलं असतं. सांगू देत. घरात मात्र सगळे मला वचकून असतात. भाजीवाल्याचे सुट्टे पैसेसुद्धा हे मला दाखवून खिशात टाकतात.

परवा जेवताना ह्यांनी हळूच विचारलं, "तुला संशय नक्की कधी आला गं? आम्हा कोणाला दिसलं नाही, तूच तेवढा तो उलटा करून बघितलास."

"मला पहिल्या दिवसापासूनच होता," मी म्हटलं आणि त्यांना आमटी वाढली.

खोटं बोलले मी. त्या शुक्रवारी पावती लिहिताना मला कसलाही संशय उरला नव्हता. ह्यांना छपाई दिसली, भाऊजींना नंबर दिसला, आणि मला रक्कम दिसली होती, बस. पूर्ण पोचली, असं माझ्याच अक्षरात मी लिहून मोकळी झाले होते. बँकेत ड्राफ्ट भरताना मागे आपला खातेनंबर लिहावा लागतो. सोमवारी घाई नको, आत्ताच लिहून ठेवावा, म्हणून मी तो उलटा केला होता. टेबलावर पाणी सांडलेलं असायचं कधीकधी, म्हणून लिहायच्या आधी कागदावरून बोट फिरवायची मला सवय आहे.

ह्यांना हे मी अजून सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.